तीन नोकऱ्या, एक कोष्टक आणि ६.६ गुण: या आकड्यावर कितपत विसंबावे?

पंचगंगाकाठ (मूळ प्रश्न)

मी २९ वर्षांचा यंत्र अभियंता असून सध्या पुण्यात नोकरी करतो. बंगळूरहून एक देकार आला आहे आणि कोल्हापुरात शिरोलीच्या एका फौंड्रीतही बोलणे चालू आहे. आई कोल्हापुरात एकटी असते. मी एक्सेलमध्ये कोष्टक मांडले: पगाराला ४० टक्के भारांक, शिकायला मिळण्याला ३० आणि घराजवळ असण्याला ३०. प्रत्येक निकषाला दहापैकी गुण दिले.

पुणे: पगार ६, शिकणे ५, घर ७, एकूण ६.०
बंगळूर: पगार ९, शिकणे ८, घर २, एकूण ६.६
कोल्हापूर: पगार ४, शिकणे ४, घर १०, एकूण ५.८

बंगळूर पहिले आले आणि मला मात्र वाईट वाटले. कोष्टक चुकले आहे की माझे मनच डळमळीत आहे?

आडवाटे

दोष कोष्टकाचा आहे. ४०-३०-३० हे आकडे तुम्ही कुठून आणले? उद्या ३०-३०-४० लिहाल आणि निकाल बदलेल. रॉबिन डॉज या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये दाखवून दिले होते, की भारांक काळजीपूर्वक काढण्याऐवजी सर्व घटकांना सारखेच वजन दिले तरी अंदाज फारसा बिघडत नाही. म्हणून भारांकांचा खेळ सोडा, सगळे सारखे धरा आणि बेरीज करा. निदान स्वतःची फसवणूक तरी होणार नाही.

मोजपट्टी

आडवाटे यांचा दाखला खरा आहे, पण तो इथे लागू पडत नाही. डॉज यांचा विषय भाकिताचा होता, म्हणजे अमुक विद्यार्थी पुढे कसा निघेल यासारख्या प्रश्नांचा, जिथे काही वर्षांनी खरे उत्तर हाती येते आणि अंदाज त्याच्याशी ताडून पाहता येतो. पंचगंगाकाठ यांना भाकीत करायचे नसून स्वतःला काय किती हवे आहे ते ठरवायचे आहे, आणि तिथे सारखे वजन देणे हासुद्धा एक पक्ष घेणेच आहे.

मी बावीस वर्षे निविदांचे मूल्यमापन केले आहे, त्यामुळे अशा कोष्टकांशी माझा रोजचा संबंध आला. चूक बहुधा एकाच ठिकाणी होते: माणूस स्वतःला विचारतो, ‘पगार किती महत्त्वाचा?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. पगारात किती फरक पडणार आहे हे समजल्याशिवाय त्याला वजन देता येत नाही. तिन्हीकडे पगार सारखाच असता, तर पगार कितीही प्राणप्रिय असला तरी या निवडीत त्याचे वजन शून्य ठरले असते.

म्हणून आधी हे सांगा, की प्रत्येक ठिकाणी खर्च वजा जाता महिन्याला शिल्लक किती राहील. मग एक चौथी, काल्पनिक नोकरी डोळ्यांसमोर आणा, जिच्यात सगळेच वाईटात वाईट आहे: सर्वांत कमी शिल्लक, सर्वांत कमी शिकणे आणि घर सर्वांत लांब. तिच्यातली एकच गोष्ट वाईटातून चांगल्यात न्यायची मुभा मिळाली, तर आधी कोणती न्याल? तिला १०० द्या आणि उरलेल्या दोन सुधारणांचे मोल तिच्या तुलनेत किती ते सांगा.

पंचगंगाकाठ

पुण्यात हातात ६५ हजार येतात आणि ३० हजार खर्च होतात, म्हणजे ३५ हजार उरतात. बंगळुरात ९५ हजार मिळतील, पण भाडे, अनामत रक्कम आणि कोल्हापूरच्या फेऱ्या धरून ५२ हजार जातील आणि ४३ हजार उरतील. कोल्हापुरात ४५ हजारांतून घरी राहून १२ हजार खर्च, म्हणजे शिल्लक ३३ हजार. हे आधी मांडलेच नव्हते. ज्याला मी ४० टक्के दिले होते, तो फरक प्रत्यक्षात महिन्याला १० हजारांचा निघाला.

काल्पनिक नोकरीत मी आधी घर जवळ आणले असते. त्याला १०० धरले तर शिकण्याला ७० आणि शिल्लकीला ३०.

मोजपट्टी

बेरीज २०० झाली, तेव्हा शंभरात बसवल्यावर घर ५०, शिकणे ३५, शिल्लक १५. आता गुणही याच पट्टीवर द्यायचे: त्या निकषातल्या सर्वांत वाईट पर्यायाला ० आणि सर्वांत चांगल्याला १०. शिल्लकीत कोल्हापूर ०, बंगळूर १० आणि पुणे आपोआप २. घराच्या बाबतीत पुण्याला ६ मी तुमच्या मूळ गुणांवरून ढोबळपणे धरतो आणि शिकण्यात ४ हा माझा नुसता अंदाज आहे. ते तुम्ही तपासा.

बंगळूर ५.०, कोल्हापूर ५.०, पुणे ४.७.

म्हणजे तुमचे मन डळमळीत नव्हते. खरी बरोबरी होती आणि पहिल्या कोष्टकाने ती झाकली होती. आणखी एक गोष्ट पाहा: पुण्याला घराच्या निकषात ६ ऐवजी ७ दिले, तर पुणे ५.२ होऊन थेट पहिले येते. एका गुणाने तळाचा पर्याय वर जात असेल, तर त्या कोष्टकातून विजेता जाहीर करता येत नाही; कोणत्या आकड्याची चौकशी करायची एवढेच त्यातून कळते.

सासवडची लेक

मी २०११ मध्ये असेच कोष्टक मांडले होते. पर्याय होते एका बँकेतली नोकरी, एका शाळेतली नोकरी आणि स्वतःचे शिकवणीवर्ग. निकष होते नोकरीची शाश्वती, निवृत्तीनंतरची सोय, घरच्यांचे समाधान, लग्नाच्या बाजारातली किंमत (हो, असे स्पष्ट लिहिले होते) आणि कामाची आवड. बँक जिंकली. दोन वर्षांनी लक्षात आले, की पहिले चारही निकष म्हणजे ‘पक्की नोकरी’ ही एकच गोष्ट चार वेगवेगळ्या नावांनी लिहिलेली होती आणि आवड बिचारी एकटी त्या चौघींशी भांडत होती. त्यातही पहिल्यांदा शिकवणीवर्ग पुढे आले होते. वडिलांनी वही पाहिली आणि मी शाश्वतीचा भारांक दोनदा वाढवला. तेव्हा पंचगंगाकाठ, बंगळूरची नोकरी पक्की असेल तर जा, आईला सोबत न्या आणि कोष्टक फाडून टाका.

मोजपट्टी

ताई, प्रश्न नोकरी पक्की असण्याचा नव्हता, पण तुमची हकिगत इथे फार कामाची आहे. निकष एकमेकांत मिसळले आहेत का, हे पाहण्याची साधी युक्ती अशी: दोन निकषांच्या ओळींतले गुण सगळ्या पर्यायांत एकत्रच वरखाली होत असतील, तर ते वेगळे ठेवण्याचे कारण लिहून दाखवता आले पाहिजे, नाही आले तर एक खोडावा. आणि निविदांत किमतीचे लिफाफे उघडण्यापूर्वीच भारांक जाहीर करावे लागतात, ते याच दोनदा वाढवण्यावर उपाय म्हणून.

दोन रकाने

इतका खटाटोप कशाला? जोसेफ प्रिस्टली लीड्समध्ये धर्मोपदेशक असताना त्यांना लॉर्ड शेलबर्न यांच्याकडच्या नोकरीचा देकार आला होता, आणि त्यांनी बेंजामिन फ्रँकलिन यांचा सल्ला विचारला. १९ सप्टेंबर १७७२ च्या उत्तरात फ्रँकलिन यांनी काय करावे हे सांगितलेच नाही. कसे ठरवावे ते सांगितले. कागदाचे दोन रकाने करायचे, तीन-चार दिवस अनुकूल आणि प्रतिकूल कारणे सुचतील तशी टिपत जायची, आणि मग समान वजनाची कारणे समोरासमोर खोडायची. एक कारण पलीकडच्या दोन कारणांच्या तोडीचे असेल तर तिन्ही खोडायची. भारांकांचे आकडे नाहीत की दशांश नाहीत. वरच्या उदाहरणात हीच रीत एका ओळीत सांगते: बंगळूरचे शिकणे आणि शिल्लक या दोन्ही मिळून कोल्हापूरच्या घराबरोबर खोडल्या जातात. प्रिस्टली यांनी पुढे १७७३ मध्ये ती नोकरी धरली.

आडवाटे

मग माझेच म्हणणे खरे ठरले. आकडे काढून टाकले तरी उत्तर तेच येते.

मोजपट्टी

फ्रँकलिन यांची रीत दोन पर्यायांना उत्तम आहे आणि मी स्वतः ती वापरतो. तीन पर्याय आले की जोड्या पाडाव्या लागतात आणि पुण्यासारखा मधला पर्याय दोन्ही कागदांवर थोडा थोडा हरून नजरेआड होऊ शकतो. पण आकडे काढले असे म्हणू नका. ‘हे एक कारण त्या दोघांच्या तोडीचे’ म्हणताना आपण वजनच करतो, फक्त ते वहीत उतरत नाही. आणि तुमचे सारखे वजन इथे घातले, तर तीसपैकी बंगळूर २०, पुणे १२ आणि कोल्हापूर १० असे येते. म्हणजे आईजवळ असणे आणि महिन्याचे १० हजार यांचे मोल एकच. हे पंचगंगाकाठ यांना मान्य आहे का, ते त्यांनाच विचारा.

पंचगंगाकाठ

मान्य नाही. दरम्यान एक बातमी: फौंड्रीने ती जागा आतल्याच माणसाला दिली. मी कोल्हापूरचा रकाना काढला आणि त्याच ५०-३५-१५ वजनांनी पुन्हा मांडले. आता घरात पुणे १० आणि बंगळूर ०, उरलेल्या दोहोंत उलट. दोन्ही ५.०! कालपर्यंत पुणे मागे होते, आज बरोबरीत आले. पुण्याबद्दल किंवा बंगळूरबद्दल काहीच बदललेले नसताना असे कसे?

मोजपट्टी

हा सापळा मी निविदांतही पाहिला आहे: सर्वांत कमी दराचा ठेकेदार बाद झाला, की उरलेल्यांच्या गुणांतले अंतर बदलते आणि कधी कधी क्रमही उलटतो. तुमचे ५० हे ‘बंगळूरहून कोल्हापूरला’ येण्याचे मोल होते. आता घराची सुधारणा ‘बंगळूरहून पुण्यापर्यंत’ एवढीच उरली, जी त्याच्या दहापैकी ६ होती, म्हणून तिचे वजन ३०. शिकण्यात पुणे ते बंगळूर हे अंतर दहापैकी ६, म्हणून ३५ चे २१. शिल्लकीत दहापैकी ८, म्हणून १५ चे १२. बंगळूरच्या बाजूला ३३ आणि पुण्याच्या बाजूला ३०, म्हणजे आधीचाच फरक परत आला. पर्याय बदलला की पट्टी बदलते, आणि पट्टी बदलली की वजने नव्याने विचारावी लागतात.

आडवाटे

तेहतीस विरुद्ध तीस, आणि त्यातले ‘६’ ढोबळपणे धरलेले. तुम्ही याला निर्णय म्हणता?

मोजपट्टी

नाही म्हणत. तो ६ कुठून आला, हे अजून कोणीच तपासलेले नाही.

पंचगंगाकाठ

तो माझ्या मूळ ७ वरून आला, आणि ते ७ मी नकाशावर दिले होते: पुणे ते कोल्हापूर बसने पाच तास. प्रत्यक्षात गेल्या सहा महिन्यांत मी किती शनिवारी घरी गेलो, ते आज तिकिटांच्या संदेशांवरून मोजले. चार. बंगळूरहूनही रात्रीच्या बसने चार वेळा येता आले असते. आता त्या ६ चे २ करायचे, की मी जायला हवे होते म्हणून ६ ठेवायचे, ते मला ठरवता येत नाही. बंगळूरवाल्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचे आहे.