खर्चाच्या परताव्याचं एफएक्यू: दोन याद्या की उदाहरणं?

मृणाल, एचआर: चाकणच्या कारखान्यात खर्चाचे क्लेम आता कागदी व्हाउचरऐवजी पोर्टलवर भरायचे आहेत. एफएक्यू मी लिहितेय. 'मिळेल' आणि 'मिळणार नाही' अशा दोन याद्या पुरतील का? पानभरात बसवायचंय.

अकाउंट्सवाला: नाही पुरणार. यादीत 'प्रवास: मिळेल' लिहिलंत की फोन सुरू. एक दौराच सोडवून दाखवा. सर्व्हिस इंजिनिअर स्वतःच्या कारने चाकणहून नाशिकला गेला. जाऊन-येऊन ३६० किमी, दर १० रुपये धरला तर ३,६०० मिळतील. टोल वेगळा, फास्टॅगच्या स्टेटमेंटवरून. पेट्रोलचं बिल मात्र मिळणार नाही, कारण किलोमीटरच्या दरात इंधन आलंच. येताना घरच्यांसाठी शिर्डीला वळला, तर पैसे थेट रस्त्याच्या अंतराचेच. हे 'कारण' लिहा, म्हणजे पुढच्या शंकेचं उत्तर माणूस स्वतःच काढतो.

निखिल_सेल्स: माझा विरोध. उदाहरणं दिली की लोक त्यातल्या पळवाटा शोधतात. यादी छोटी आणि ठाम हवी. शिवाय बिल कंपनीच्या नावाने आणि जीएसटी नंबरसह असलंच पाहिजे, नाहीतर कंपनीचं क्रेडिट बुडतं. तेवढं एक वाक्य सगळ्याला पुरतं.

अकाउंट्सवाला: अर्धंच बरोबर. आपली नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल, तर नाशिकच्या हॉटेलबिलावर क्रेडिट मिळू शकतं. पणजीच्या हॉटेलात गोव्याचा कर लागतो, तिथे नंबर टाकूनही मिळत नाही. पेट्रोल तर जीएसटीतच नाही. मग नंबर नाही म्हणून गोव्याचं बिल परत पाठवायचं? खर्च खरा आहे, तर पैसे द्यायलाच हवेत.

स्वाती ताई: माझा रिक्षाचा क्लेम यूपीआयचा स्क्रीनशॉट लावला म्हणून अडकला होता. पोर्टलवर तो चालेल का हो?

मृणाल, एचआर: ताई, जेवणाला, हॉटेलला नाही चालणार. पैसे गेले एवढंच त्यातून कळतं, कशाचे ते नाही. रिक्षावाला बिल देत नाही, म्हणून तिथे कुठून कुठे आणि कोणत्या कामाला हे लिहून स्क्रीनशॉट चालवावा, असं मी सुचवणार आहे.

निखिल_सेल्स: चला, रिक्षाचं मान्य. पण मी हडपसरहून थेट नाशिकला निघालो तर? चाकण वाटेतच लागतं.

अकाउंट्सवाला: मग हडपसर ते चाकण हा तुमचा रोजचाच ऑफिसचा प्रवास. चाकणपासून मोजायचं.

निखिल_सेल्स: रविवारी निघालो तरी? सुट्टीच्या दिवशी कसला आलाय रोजचा प्रवास!

मृणाल, एचआर: याचं उत्तर पॉलिसीतच नाही. साहेबांना विचारून मगच लिहिते, तोवर हा प्रश्न एफएक्यूत घालत नाही.

अकाउंट्सवाला: घाला. 'निर्णय व्हायचाय, निघण्याआधी मॅनेजरची मेलवर मंजुरी घ्या' असं लिहून घाला. सोडलात तर प्रत्येक जण आपापलं उत्तर धरून क्लेम भरेल.