वाचलेलं डोक्यात कशाच्या रूपात राहतं?

> वाक्यं नीट लक्षात राहिली, की मजकूर समजला. आणखी वेगळं काय असतं?

वेगळं असतं, आणि ते ब्रॅन्सफर्ड, बार्कले आणि फ्रँक्स या मानसशास्त्रज्ञांच्या १९७२च्या प्रयोगात छान दिसतं. काही जणांना ऐकवलं: तीन कासवं तरंगत्या ओंडक्यावर विसावली होती आणि मासा त्यांच्या खालून पोहत गेला. नंतर विचारलं, मासा ओंडक्याच्या खालून गेला हे वाक्य तुम्ही ऐकलं होतं का? बरेच जण खुशाल ‘हो’ म्हणाले. कासवं ओंडक्यावर, मासा कासवांखाली, म्हणजे तो ओंडक्याखालूनही जाणारच. ऐकता ऐकता मनात जे दृश्य मांडलं गेलं, त्यात दोन्ही वाक्यं खरीच होती.

आता कुणी म्हणेल, वाक्यं सारखी होती म्हणून गल्लत झाली. मला हा आक्षेप टिकेलसा वाटत नाही, कारण दुसऱ्या गटासाठी फक्त ‘ओंडक्यावर’ऐवजी ‘ओंडक्याशेजारी’ केलं होतं. शब्दांचं साम्य तेवढंच, पण आता मासा ओंडक्याखालून गेलाच असं ठरत नाही. या गटाची तशी गल्लत फारशी झाली नाही. अर्थात नेमके शब्द अजिबात उरत नाहीत असं यातून निघत नाही. ते लवकर पुसट होतात आणि प्रसंगाची मांडणी जास्त टिकते, एवढंच.