खातं अनिवासींचं एनआरओ केलं की व्याजावर ३१.२ टक्के कर कापतात, मग ते निवासीच राहू दिलं तर बिघडलं कुठं?

वैशाली, विश्रामबाग: धाकटा भाऊ जर्मनीत कायमचा स्थायिक झालाय. इथल्या बँकेत त्याच्या नावावर १० लाखांची ठेव आहे, ७ टक्क्यांनी. निवासी म्हणून १० टक्केच कापतात. मी म्हणते, कशाला बदला? मत सांगा.

संभाजी, तासगाव: राहू द्या तसंच. बँकेला कोण सांगायला जातंय?

मुकुंदकाका (निवृत्त बँकवाला): संभाजीराव, परकीय चलनाच्या फेमा कायद्याप्रमाणे ते खातं एनआरओ करावंच लागतं, मर्जीचा प्रश्न नाही. आणि लपवून वाचतं तरी काय? व्याज ७० हजार. निवासी म्हणून ७,००० कापले, एनआरओवर २१,८४० कापतील. पण ही आगाऊ कपात झाली, कर नव्हे. भावाचं भारतात दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या पद्धतीत २०२५-२६ ला ४ लाखांपर्यंत कर शून्य. रिटर्न भरलं की सगळे परत. फक्त निवासींना १२ लाखांपर्यंत कर लागत नाही ती सवलत त्याला नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

आटपाडीकर: माझा भाऊ कोइमतूरला गलाईला असतो. त्याचंबी एनआरओ करायचं का?

मुकुंदकाका: अहो, कोइमतूर भारतातच आहे!

स्नेहल, मिरज: एवढी कटकट कशाला? पैसे एनआरईत टाका, व्याज करमुक्त.

मुकुंदकाका: इथं करमुक्त, हे बरोबर. पण एनआरई मुळात बाहेरून आलेल्या पैशासाठी. इथला पैसा तिकडं न्यायचा तर आधी एनआरओत हवा, मग १५सीए वगैरे कागद. शिवाय भाऊ तिथला करदाता, म्हणजे जर्मनीत ते व्याज दाखवावं लागणारच.

संभाजी: तरी अन्यायच की हो. इथल्या माणसाला वर्षाला ५० हजार व्याजापर्यंत बँक हात लावत नाही, आणि यांचं पहिल्या रुपयापासून कापायचं. रिफंड येईस्तोवर पैसे अडकले ते अडकलेच.

मुकुंदकाका: ते मान्य. म्हणून आधीच कापणं कमी करा. जर्मनीशी दुहेरी कर टाळायचा करार आहे, त्यात व्याजावर १० टक्केच. तिथल्या कर कार्यालयाचा रहिवासी दाखला आणि आयकर पोर्टलवर भरलेला १०एफ फॉर्म बँकेत द्यायचा, व्याज जमा व्हायच्या आधी. दरवर्षी नव्यानं. एक वर्ष विसरलात की बँक पुन्हा ३१.२ कापते, मग रिटर्नशिवाय वाट नाही. आणि कर कापू नका म्हणून बँकेला देतात तो १५एच फॉर्म तुम्हाला आठवत असेल, तो अनिवासीला चालत नाही.

वैशाली: एक राहिलंच. त्यातले ६ लाख बाबांच्या हळदीचे आहेत. मग ते व्याज कुणाचं?

स्नेहल: ठेव ज्याच्या नावावर, त्याचं.

मुकुंदकाका: बाबांनी भावाला देऊन टाकले असतील तर त्याचं. नुसते सोयीसाठी त्याच्या नावावर ठेवले असतील तर मला ते बाबांचंच वाटतं. पण बँक पॅन बघून कापणार.

संभाजी: बाबांना विचारा, देऊन टाकलेत का ते!