बेसमेंटचे जेट फॅन दिवसभर चालू, टायमर बसवावा का?

सचिव_वाकड: पार्किंगचं एकच बेसमेंट, २४०० चौ. मी., उंची ३.२ मी. आठ जेट फॅन, दोन एक्झॉस्ट फॅन, सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड मोजणारे सेन्सर छताला. बिल्डरने सगळं 'मॅन्युअल'वर ठेवून दिलंय आणि बिल अंगावर येतंय. सकाळ-संध्याकाळचा टायमर चालेल का?

मिलिंद_एचव्हीएसी: टायमर नको, ऑटो मोड दुरुस्त करून घ्या. आधी सेन्सर खाली आणा, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, म्हणजे माणसाच्या नाकाच्या उंचीला. जेटच्या झोतात मात्र नको, तिथे सीओ विरळ होऊन आकडा खोटा कमी येतो. २५ पीपीएमला एक्झॉस्ट अर्ध्या वेगाने, ५०ला पूर्ण वेगाने, हे सेटिंग सहसा पुरतं. फॅनचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी असेल तर अर्ध्या वेगाला वीज साधारण आठव्या हिश्श्यावर येते, बिल तिथे वाचतं.

क्रमही बघा. जेट हवा फक्त ढकलतो, बाहेर काढतो तो एक्झॉस्ट. एक्झॉस्ट बंद आणि जेट चालू असेल, तर तोच धूर गोल फिरत राहतो.

राजू_इलेक्ट्रिकल: सीओ हवेपेक्षा हलका, म्हणून सेन्सर वरच बरा. आणि आग लागली की सगळे जेट लगेच फुल करा, धूर पटकन जातो.

मिलिंद_एचव्हीएसी: राजूभाऊ, सीओ किंचित हलका आहे हे खरं, पण तो हवेत मिसळून जातो, वर जाऊन साचत नाही. जेट शेवटी लागतात हेही बरोबर, 'लगेच' मात्र नको. सुरुवातीला गरम धूर छताखाली थराने राहतो आणि खालून माणसं बाहेर पडतात. जेटने तो थर मोडला की धूर जिन्यापर्यंत डोक्याच्या उंचीला येतो. म्हणून फायर पॅनेलचा सिग्नल आला की सीओचा कंट्रोल बाजूला, जेट बंद, एक्झॉस्ट फुल. माणसं बाहेर पडल्यावर जेट.

आकडा मांडू. आकारमान ७६८० घनमीटर. राष्ट्रीय बांधकाम संहिता, म्हणजे एनबीसी २०१६, आगीसाठी तासाला १२ एअर चेंज मागतो, म्हणजे ९२,१६० घनमीटर, सेकंदाला २५.६. रोजच्यासाठी ६ धरतात, म्हणजे याच्या निम्मे. तुमच्या दोन फॅनची नेमप्लेट वाचून बेरीज करा. फॅन २५०° सेल्सियसला दोन तास टिकणारे हवेत, केबलही आग सोसणारी.

स्नेहा_ठाणे: आमच्याकडे डिझेल टेम्पोंचा धूर डोळ्यांना झोंबतो, तरी सेन्सर ९ दाखवतो. बिघडलाय?

मिलिंद_एचव्हीएसी: बिघडलाच असेल असं नाही, ताई. डिझेलच्या धुरात सीओ कमी असतो, तिथे एनओटूचा, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइडचा सेन्सर लागतो. तरी कॅलिब्रेशन गॅस देऊन तपासा. हे सेल काही वर्षांत मरतात, आणि मेलेला सेल बऱ्याचदा शांतपणे शून्य दाखवत बसतो.

सचिव_वाकड: नेमप्लेट पाहिली, प्रत्येकी ३६,००० घनमीटर प्रतितास.

मिलिंद_एचव्हीएसी: म्हणजे ७२,०००. साडेनऊच्या आत-बाहेरच एअर चेंज होतात. फायर एनओसीतला मंजूर नकाशा काढा, तिथे किती लिहिलंय ते आधी बघा.

राजू_इलेक्ट्रिकल: आणि जेट किती मिनिटांनी लावायचे?

मिलिंद_एचव्हीएसी: ते सीएफडी, म्हणजे संगणकावर हवेचा प्रवाह तपासून, आणि अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांशी बोलून ठरतं. आमच्यातही यावर एकमत नाही. काही जण वेळ भरतातच नाहीत, फायरमनच्या स्विचवर सोडतात.

सचिव_वाकड: नकाशा मागवतो.