सिग्नल बरोबर, तरी खातं रिकामं: शनिवारी क्लबात बोललो ते, आणि त्यावर झालेली भांडणं

एसवायबीकॉम_जळगाव: दादा, २० आणि ५० दिवसांच्या ॲव्हरेजचा क्रॉसओव्हर मी मागच्या डेटावर तपासला, नफ्यात दिसतो. मग तोच सिग्नल घेऊन आमच्यातल्या दोघातिघांची खाती साफ कशी झाली? शनिवारी क्लबात पंधरा मिनिटं यावरच बोला ना.

गिरणाकाठ: जे बोललो ते थोडक्यात टाकतो, ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी.

सिग्नल खोटा आहे असं मी म्हणतच नाहीये, उलट धरून चालू की तो खराय. १०० सौद्यांत ४० जिंकतो, ६० हरतो. हरला की स्टॉपलॉसवर जेवढं जायचं तेवढं जातं, जिंकला की त्याच्या दुप्पट येतं. ट्रेंड पकडणारे सिग्नल साधारण असेच असतात, हरतात जास्त वेळा पण जिंकले की मोठं देतात. म्हणजे कागदावर हे फायद्याचंच काम आहे.

आता तिघं घ्या, प्रत्येकाकडे १ लाख, सिग्नल तोच, तेच १०० सौदे, तेच ४० विजय. फरक एवढाच की स्टॉपलॉस लागला तर खात्यातले किती टक्के जाऊ द्यायचे हे प्रत्येकाने वेगळं ठरवलंय. २ टक्केवाल्याचे शेवटी साधारण १ लाख ४३ हजार होतात. १० टक्केवाल्याचे २ लाख ६४ हजार. आणि २५ टक्केवाल्याचे उरतात ३५ हजार. तोच चार्ट, तेच बाण, एक नफ्यात आणि एक बुडालेला. फळ्यावर हे लिहिलं तेव्हा मागच्या बेंचवरून आवाज आला की सर गणित चुकलंय, म्हणून त्यालाच पुढे बोलावून मोबाईलवर करायला लावलं:

```
1.04^40 * 0.98^60 = 1.43
1.20^40 * 0.90^60 = 2.64
1.50^40 * 0.75^60 = 0.35
```

असं का होतं ते तीन सौद्यांतच दिसतं. एक जिंकला, दोन हरले. बेरजेत दोन आले, एक-एक करून दोन गेले, बरोबरी. पण खातं बेरजेने चालत नाही, गुणाकाराने चालतं. २५ टक्केवाल्याचे १ लाखाचे दीड लाख झाले, मग १ लाख साडेबारा हजार, मग ८४ हजार. बरोबरीच्या खेळात १६ हजार गेले. २ टक्केवाल्याचे त्याच तीन सौद्यांत शंभर-सव्वाशे रुपये गेले. आणि २० टक्क्यांना तर गंमत आहे, १०० सौदे करून माणूस जवळपास जिथल्या तिथेच राहतो, वर ब्रोकरेज आणि एसटीटी भरून.

दुसरं म्हणजे ६० हार एकसारख्या वाटून येत नाहीत. १०० सौद्यांत सलग सात-आठ हार येणं हे रोजचं आहे, अपशकुन नाही. २५ टक्केवाल्याचे सलग सात हारल्यावर १३ हजार राहतात, आणि त्यानंतर तो आठवा सिग्नल घेतच नाही, जो जिंकणाराही असू शकतो. तुमच्या बॅकटेस्टमध्ये तो घेतलेला असतो. बॅकटेस्टला भीती वाटत नाही ना.

मग करायचं काय तर उलटीकडून सुरुवात. आधी स्टॉप कुठे ते चार्टवर ठरवा, मग किती शेअर ते. शेअर ४०० ला, स्टॉप ३८० ला, म्हणजे शेअरमागे २० रुपये. १ लाखाचे २ टक्के म्हणजे २ हजार. २ हजार भागिले २० बरोबर १०० शेअर, ४० हजाराचा माल. स्टॉप ३६० ला ठेवावा लागत असेल तर ५० शेअर, बस. आपली पोरं उलट करतात, आधी जेवढे पैसे तेवढा माल घेतात आणि मग तोटा सोसवेल असा स्टॉप शोधत बसतात, मग तो स्टॉप इतका जवळ येतो की दुपारच्या साध्या हलण्यातच उडतो आणि वर म्हणायचं सिग्नल फेल.

धुळे_ऑप्शनवाला: छान भाषण, पण दादा हे सगळं ज्यांना एंट्री जमत नाही त्यांचं रडगाणं आहे. सिग्नलच चुकीचा असेल तर २ टक्के लावा नाही तर अर्धा टक्का, मरणारच फक्त हळूहळू. आणि मी ऑप्शन बाय करतो, माझी रिस्क प्रीमियमएवढीच, स्टॉपलॉसची भानगडच नाही.

गिरणाकाठ: पहिलं वाक्य शंभर टक्के मान्य. ज्या सिग्नलमध्ये दमच नाही त्याला साईझ वाचवू शकत नाही, कॉस्ट धरली तर तर नाहीच. पण मुलाने विचारलं होतं की फायद्याचा सिग्नल असून खातं का गेलं, ते वेगळं आहे. आणि प्रीमियमएवढीच रिस्क हे खरं, फक्त १ लाखाच्या खात्यात तू ३० हजाराचा प्रीमियम घेतोस तेव्हा तुझी "मर्यादित" रिस्क ३० टक्के झाली, कारण एक्स्पायरीला तो शून्य होऊ शकतो. वरचं २५ टक्केवालं गणित परत बघ.

धुळे_ऑप्शनवाला: शून्य होईपर्यंत धरून कोण बसतंय?

चाळीसगाव_एक्स्प्रेस: सगळेच बसतात भो 😂 सेबीनेच सप्टेंबर २०२४ ला सांगितलंय ना, तीन वर्षांत एफ अँड ओ मधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या वर. आठे समदा गुरुच शेतस, पैसा कोनाजोडे नही.

अमळनेरचा_जुना_भागधारक: तुम्ही लोक स्टॉपलॉस स्टॉपलॉस करता, आमच्या गावात या. १९४५ ला इथे तेलाचा कारखाना निघाला तीच आजची विप्रो, गावातल्या ज्यांनी शेअर घेऊन नुसते कपाटात ठेवले त्यांच्या पुढच्या पिढ्या बसून खाताहेत. आमच्या वडिलांनी स्टॉपलॉस लावला असता तर २००० च्या पडझडीतच सगळं विकलं गेलं असतं. चार्ट कसला आणि रिस्क कसली, चांगली कंपनी घ्या आणि विसरा.

गिरणाकाठ: काका, तुमचं म्हणणं वेगळ्या धंद्याचं आहे, तिथे चार्टचा सिग्नलच नाही. आणि वडिलांनी घर गहाण ठेवून घेतले नव्हते ना? गेले असते तरी चूल चालली असती एवढेच लावले होते, म्हणून धरता आले. तीही साईझच झाली. त्याच काळात घेऊन विसरलेली इतर कंपन्यांची सर्टिफिकेटंही कपाटात असतील गावात, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

अमळनेरचा_जुना_भागधारक: आहेत तशी पण. पण ते काढायचं कशाला आता.

तापी_क्वांट: मूळ भाषणात दोन गोष्टी खटकल्या. एक, तुझ्याच आकड्यांत १० टक्केवाला २ लाख ६४ हजारांवर आहे, मग पोरांना २ टक्के का शिकवतोस? ४० टक्के विजय आणि दुप्पट मोबदला असेल तर केलीच्या सूत्राने वाढीचा कमाल बिंदू बरोबर १० टक्केच येतो. दुसरं, तू गृहीत धरलंस की स्टॉप ३८० ला लागला म्हणजे ३८० लाच सुटलो. १७ जानेवारी २०२४ ला एचडीएफसी बँक आठवतेय का? रिझल्टनंतर सकाळी मोठ्या गॅपनेच खाली उघडली आणि त्या दिवशी ८ टक्क्यांच्या वर पडली. आदल्या दिवशीच्या भावाखाली २ टक्क्यांवर ज्याचा स्टॉप होता त्याला त्या भावात गिऱ्हाईकच नव्हतं. लिमिटवाला स्टॉप असेल तर भाव त्याच्यावरून उडी मारून गेला आणि ऑर्डर तशीच लटकली. ऑप्शनमध्ये तर एनएसईने मार्केटवाला स्टॉप २०२१ मध्येच बंद केलाय, तिथे लिमिटवालाच लावावा लागतो.

गिरणाकाठ: दुसरा मुद्दा मी सांगायलाच हवा होता, वेळ संपला. ४ जून २०२४ पण त्यातच धर, निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास ६ टक्के खाली बंद झाला, आदल्याच दिवशी एक्झिट पोलवर ३ टक्क्यांच्या वर चढला होता आणि चार्टवर सगळे बाण हिरवे होते. म्हणून रिझल्ट किंवा निकालाच्या आदल्या रात्री स्टॉपवर विसंबायचं नाही, मालच निम्मा करायचा, कारण गॅपमध्ये फक्त साईझ तुमच्या हातात असते.

पहिल्या मुद्द्याला माझं उत्तर असं की ४० हा आकडा तुला कोणी दिला? समजा खरा आकडा ३५ आहे. मग १० टक्केवाल्याचे १०० सौद्यांनंतर ६३ हजार राहतात, २ टक्केवाल्याचे १ लाख ६ हजार. सिग्नल अजूनही किंचित फायद्याचाच आहे, तरी १० वाला तोट्यात. ५ टक्क्यांची चूक एकाला नुसती खरचटते, दुसऱ्याला लंगडा करते.

एसवायबीकॉम_जळगाव: पण माझ्या बॅकटेस्टमध्ये बरोबर ४१ टक्के आलेत दादा, १०० च्या वर सौदे आहेत.

तापी_क्वांट: १०० सौद्यांत ४१ आले तर खरा आकडा ३१ ते ५१ मध्ये कुठेही असू शकतो मित्रा, नशिबाचा फरकच तेवढा असतो. ३५ आणि ४० वेगळे ओळखायला हजाराच्या आसपास सौदे लागतील, आणि २०-५० चा क्रॉसओव्हर एका शेअरमध्ये वर्षाला मोजकेच सिग्नल देतो. शिवाय २० आणि ५० हेच का, १५-४५ का नाही? किती जोड्या लावून बघितल्यास आधी, खरं सांग.

एसवायबीकॉम_जळगाव: बऱ्याच 🙈

धुळे_ऑप्शनवाला: बघा, म्हणजे आकडा कोणालाच माहीत नाही. मग २ टक्के तरी कुठून आले? तेही हवेतलंच.

तापी_क्वांट: यात तो चूक नाही. २ मागे काही पवित्र नाही. १९८३ मध्ये रिचर्ड डेनिसने शिकवलेले टर्टल ट्रेडरसुद्धा एका सौद्यात खात्याच्या साधारण २ टक्क्यांचीच रिस्क घ्यायचे, पण ते बऱ्याच बाजारांत एकदम असायचे. आपली पोरं पाच बँकांचे शेअर घेऊन प्रत्येकी २ टक्के म्हणतात, बँका एकदम पडल्या की ते १० च झाले. मी स्वतः अर्ध्याच्या वर जात नाही.

गिरणाकाठ: अर्धा टक्का म्हणजे १ लाखात ५०० रुपये. कॅशमध्ये जमेल. पण यांना निफ्टी फ्युचर खेळायचंय. लॉट ६५ चा धर, १०० पॉईंटचा स्टॉप म्हणजे साडेसहा हजार, एका सौद्यात साडेसहा टक्के. लॉट तोडता येत नाही. माझं मत, १ लाखवाल्याने तिकडे जायचंच नाही.

धुळे_ऑप्शनवाला: म्हणजे गरिबाने फक्त कॅशमध्ये २५ शेअर घेऊन बसायचं आणि मोठ्यांनी कमवायचं. वा.

चाळीसगाव_एक्स्प्रेस: २५ शेअर घेऊन बसलेला पुढच्या वर्षी इथे कमेंट करायला तरी असेल.

धुळे_ऑप्शनवाला: मी पण असेन. या मंगळवारच्या एक्स्पायरीचा हिशेब इथेच टाकतो, किती टक्के लावले त्यासकट, मग बोलू.

एसवायबीकॉम_जळगाव: दादा, पाच बँका म्हणजे एकच सौदा धरायचा तर मग दोन आयटी आणि तीन बँका असतील तर किती धरायचे?