शब्दचर्चा : 'सघोष' मधला घोष नेमका होतो कुठे?

सायली_अ
मुलीचा व्याकरणाचा अभ्यास घेत होते. पुस्तकात क ख कठोर, ग घ मृदू, आणि दुसऱ्या पुस्तकात तेच अघोष आणि सघोष. तिने विचारलं घ मृदू कसा, तो तर ख पेक्षा जड वाटतो, आणि मृदू आहे तर परत महाप्राण पण कसा? मला नीट सांगता आलं नाही. घोष म्हणजे नक्की काय, आणि तो तोंडात होतो की घशात?

वाटसरू
घोष म्हणजे मोठा आवाज ना, जयघोष, घोषणा, घोषपथक. म्हणजे सघोष अक्षरं मोठ्याने म्हणायची असा अर्थ असणार.

ध्वनिवेडा
मोठ्याने नाही हो, 'ग' अगदी हळू म्हटला तरी तो सघोषच राहतो. सायलीताई, मुलीला गळ्यावर दोन बोटं ठेवून आधी लांब 'स्स्स' आणि मग लांब 'म्म्म' म्हणायला सांगा. स ला बोटांना काही लागणार नाही, म ला थरथर लागेल, ती थरथर म्हणजे घोष. होते गळ्यातच, स्वरयंत्रात. तोंडाचं काम त्याच्या पुढचं, म्हणजे हवा कुठे अडवायची, जीभ कुठे लावायची, नाकाचा रस्ता उघडा ठेवायचा का. म्हणून क आणि ग ला जीभ एकाच जागी लागते, फरक खाली गळ्यात असतो. आता कुजबुजत 'काल' आणि 'गाल' म्हणून बघा, समोरच्याला वेगळे ओळखणं अवघड जातं कारण कुजबुजताना थरथर बंद असते.

पेटीमास्तर
हे आमच्या पेटीसारखंच झालं की. भाता म्हणजे फुफ्फुस, सूर म्हणजे स्वरतंतू, हवा जोरात गेली की पट्टी हलते आणि वाजते. बारावीला बर्नूली शिकलोय, हवा वेगात गेली की दाब कमी होतो, मग तंतू आत ओढले जाऊन मिटतात, परत हवा उघडते, परत मिटतात.

ध्वनिवेडा
मास्तर, भात्यापर्यंत जमलं. पण पेटीतली पट्टी घासून एकदा सुरात लावली की तिचा सूर ठरला, इथे मात्र त्याच दोन पाळ्या ताणून लांब-पातळ करता येतात आणि सूर चढतो. आणि हो, त्या पाळ्याच आहेत, 'तंतू' शब्दामुळे सतारीची तार डोळ्यासमोर येते आणि तिथेच घोटाळा होतो. आत स्नायू, वर जेलीसारखा मऊ थर आणि त्यावर पातळ कातडं, लांबी जेमतेम दीड सेंटिमीटरच्या आसपास.

नुसत्या जोराने पण होत नाही. उसासा टाका, भरपूर हवा जाते पण आवाज नाही, कारण पाळ्या एकमेकींपासून दूर आहेत. आधी त्या एकमेकींजवळ आणाव्या लागतात, ते काम मेंदूच्या हुकमाने स्नायू करतात. एकदा जवळ आल्या की पुढचं प्रत्येक उघडणं-मिटणं हवा करते. १९५० च्या सुमाराला हुसाँ नावाच्या फ्रेंच संशोधकाचं म्हणणं होतं की प्रत्येक कंपाला मेंदूकडून वेगळा इशारा येतो, पण ते टिकलं नाही. बायकांच्या आवाजात सेकंदाला साधारण २०० कंप, पुरुषांच्या ११०-१२०, एवढं मोजून प्रत्येक वेळी स्नायू हलवणं शक्यच नाही. १९५८ मध्ये वान डेन बर्ग यांनी हवा आणि पाळ्यांची लवचिकता अशी मांडणी केली आणि आजची समज त्यावरच उभी आहे.

आता बर्नूली. नुसता तोच असता तर ओढ उघडताना पण आणि मिटताना पण सारखीच लागली असती, आणि कंप दोन-चार हेलकाव्यांत विझला असता. खरी गंमत अशी की पाळीची खालची कड आधी उघडते, वरची मागाहून. उघडताना फट खाली रुंद वर अरुंद, त्यामुळे आत दाब टिकतो आणि पाळ्या बाहेर ढकलल्या जातात. मिटताना खालची कड आधी मिटायला लागते, फट खाली अरुंद वर रुंद, दाब पडतो, पाळ्या परत येतात. म्हणजे हवा दर फेरीला थोडी जास्त ढकलते आणि कंप चालू राहतो. मऊ थर सुजला किंवा कडक झाला की हीच लाट बिघडते, सर्दीत आवाज बसतो तो त्यामुळे.

दाब किती लागतो ते घरी बघता येतं. ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉ ५ सेंटिमीटर बुडवा आणि सावकाश बुडबुडे काढा. साध्या बोलण्याला ५ ते १० सेंटिमीटर पाण्याएवढाच दाब लागतो.

शाळाबाई
माझं विचारू का, विषय तोच आहे. वीस वर्षं वर्गात ओरडून माझ्या पाळ्यांवर गाठी आल्यात. स्पीच थेरपिस्टने मला एका श्वासात 'स्स्स' किती वेळ आणि जहाजातला ज़ (नुसता झिणझिणारा भाग) किती वेळ धरता येतो ते घड्याळ लावून बघितलं. स बराच वेळ टिकला, ज़ लवकर संपला. दमा नाही म्हणाल्या, पण का ते कळलं नाही.

ध्वनिवेडा
बाई, स ला पाळ्या उघड्याच असतात, म्हणजे तो तुमच्या फुफ्फुसाची आणि श्वास सोडण्यावरच्या ताब्याची चाचणी झाली. ज़ ला जीभ तिथेच, फक्त पाळ्या मिटाव्या लागतात. गाठीमुळे त्या पूर्ण मिटत नसतील तर फटीतून हवा वाया जाते आणि श्वास लवकर संपतो. निरोगी माणसात दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या येतात, स ची वेळ ज़ च्या १.४ पटीच्या वर गेली की पाळ्यांबद्दल शंका घेतात. पण गाठी असूनही काहींचं गुणोत्तर ठीक येतं, म्हणून दुर्बिणीने बघणं सुटत नाही.

सायली_अ
गळ्यावर बोटं ठेवून बघितलं, भारी आहे. पण 'ब' ला थरथर लगेच थांबते आणि 'म' ला चालू राहते, ओठ तर दोन्हीला बंद, असं का?

ध्वनिवेडा
फार छान पकडलंत. ओठ बंद ठेवून 'ब्ब्ब' लांबवायचा प्रयत्न करा, गाल फुगतील आणि क्षणात आवाज मरेल. पाळ्या हलायला खाली दाब जास्त आणि वर कमी असावा लागतो. ब मध्ये वरची पोकळी बंद, ती भरली की दोन्हीकडे दाब सारखा, हवा वाहायची थांबली, कंप खलास. म मध्ये हवा नाकातून सुटते. 'म्म्म' म्हणता म्हणता नाक चिमटीत धरा, लगेच बंद पडेल. ग ला तर जीभ मागे लागते, भरायला जागाच कमी, म्हणून ग चा घोष ब पेक्षा लवकर विझतो.

पेटीमास्तर
मग घ चं काय? सायलीताईंचा मूळ प्रश्न तोच होता.

ध्वनिवेडा
ख मध्ये पाळ्या एकमेकींपासून दूर, जीभ सुटली की नुसती हवा. घ मध्ये पाळ्या हलतात पण पुरत्या मिटत नाहीत, थरथर आणि वारा एकदम. म्हणून तो सघोष पण आणि महाप्राण पण. आपल्या जुन्या लोकांनी हे नुसत्या कानाने आणि गळ्याच्या जाणिवेने टिपलं होतं, तैत्तिरीय प्रातिशाख्यात कंठ मिटला की नाद, उघडला की श्वास, आणि मधल्या अवस्थेत हकार असं सांगितलंय. 'मृदू' हे नाव मात्र मला कधीच पटलं नाही, त्याने मुलांना काहीच कळत नाही.

वाटसरू
मग म्हैस, न्हाणीघर, कऱ्हाड यातला म्ह, न्ह, ऱ्ह पण घ सारखाच एक वर्ण म्हणायचा की म अधिक ह?

ध्वनिवेडा
माझ्या कानाला एकच लागतो, म चालू असतानाच वारा मिसळतो.

शाळाबाई
मला नाही पटत. आम्ही जोडाक्षर म्हणूनच शिकवतो, आणि 'म्हणाला' सावकाश म्हटलं तर मला आधी म आणि मग ह असे दोन ऐकू येतात.

ध्वनिवेडा
सावकाश म्हटल्यावर कुठलंही सुटं होतं बाई. सहज बोलताना मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकूया, सगळ्यांनी आपापल्या गावची 'म्हैस' टाका.