पार्किंगच्या स्लॅबची वरची सळई दबलीय

प्रशांत, ए-103: मंडळी, पार्किंगच्या सेंटरिंगवर आत्ता जाऊन आलो. बीमच्या वरून ज्या जादा सळ्या टाकल्यात त्या चालून चालून पार दबल्यात. फिटर म्हणतो काँक्रीटच्या आतच राहणार आहेत, काही फरक पडत नाही. उद्या सकाळी 8 ला स्लॅब भरायचाय.

शैला वहिनी, बी-301: मला एक कळत नाही, वजन वरून खाली येतं, स्लॅब खाली वाकतो, मग सळई खालीच लागणार ना? वर कशाला घालतात?

देशपांडे काका, बी-204: शैला, प्रश्न अगदी बरोबर आहे. घरात मुलांची प्लास्टिकची लांब पट्टी असेल तर तीन खोडरबरांवर ठेव, दोन टोकांना दोन आणि मध्ये एक, आणि खोडरबरांमधल्या दोन्ही गाळ्यांच्या मध्यावर एकाच वेळी बोटाने दाब. गाळ्यात पट्टी खाली वाकते म्हणजे खालची बाजू ताणली जाते, पण मधल्या खोडरबरावर बघ, तिथे पट्टीला उंटासारखी पाठ येते. तिथे वरची बाजू ताणली जाते आणि तळ दाबला जातो. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून जिथे ताण तिथे सळई. गाळ्याच्या मध्यात खाली, बीमवर वर.

शैला वहिनी, बी-301: करून बघितलं काका, खरंच मध्ये फुगते! पण पट्टीचे दोन तुकडे करून ठेवले तर नाही फुगत.

देशपांडे काका, बी-204: बरोबर, कारण मग प्रत्येक तुकडा आपापला सुटा वाकतो. आपला स्लॅब तीन गाळ्यांवरून सलग जातो, म्हणून हे होतं. आणि बीमवरचा ताण कमी असतो असं समजू नका. काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, वाकवणारा जोर कायम वजनासाठी टोकाच्या गाळ्याच्या मध्यात गाळ्यावरचं वजन गुणिले गाळ्याची लांबी याच्या 1/12 धरतात आणि त्याच्या आतल्या पहिल्या बीमवर 1/10, म्हणजे बीमवरच जास्त.

प्रशांत, ए-103: मग या सळ्या गाळ्यात किती आत जायला हव्यात काका?

देशपांडे काका, बी-204: ताण वरून खाली कुठे पलटतो त्यावर ते अवलंबून आहे. दोन सारखे गाळे आणि सगळीकडे सारखं वजन असेल तर बीमपासून पाव गाळ्यावर पलटतो. आपला गाळा 3 मीटर, म्हणजे साधारण 75 सेंटिमीटरवर. सळई त्याच्या थोडी पुढे न्यायची म्हणून आपल्या ड्रॉइंगमध्ये बीमच्या दोन्ही बाजूंना 90 आहे. लांबी मी मोजली, ती बरोबर आहे, उंचीच चुकतेय. प्रशांत, टेप घेऊन सेंटरिंगच्या प्लायपासून वरच्या सळईच्या माथ्यापर्यंत मोजशील का? स्लॅब 125 मिलीचा आहे आणि सळईच्या वर 20 मिली काँक्रीटचं कव्हर, तर 105 यायला पाहिजे.

प्रशांत, ए-103: चार ठिकाणी मोजलं काका. 75, 80, 75, आणि एके ठिकाणी तर 60.

देशपांडे काका, बी-204: हे बघा मंडळी, फिटर म्हणतो तसं नाही. बीमवर तळ दाबला जातो, म्हणून सळईची ताकद तळापासून तिच्या उंचीवर ठरते. 8 मिलीच्या सळईचा मध्य 101 वर हवा होता तो 71 वर आलाय. हिशोब केला तर त्या जागी जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद जाते, सळई तेवढीच असूनही. स्लॅब लगेच पडेल असं नाही, बीमवर वरून भेग पडते आणि तो भार गाळ्याच्या मध्यावर सरकतो, खालच्या सळईला तो जादा सोसावा लागतो. पण भेग सरळ बीमच्या रेषेत वरून पडते आणि खालून दिसत नाही. पावसात पाणी त्यातून आत जाऊन बीमच्या बाजूला ओल येते तेव्हा लोक वॉटरप्रूफिंगला दोष देतात.

मीना, सी-402: आमच्या विंगच्या गच्चीवर अगदी अशीच सरळ भेग आहे, बीमच्या बरोबर डोक्यावर!

देशपांडे काका, बी-204: मीना, फोटो पाठव, ती वेगळी बघू. एकट्या फोटोवरून मी नक्की सांगणार नाही.

प्रशांत, ए-103: बीमच्या वरच्या सळ्या मात्र जागेवर आहेत, स्लॅबच्याच का दबतात?

देशपांडे काका, बी-204: बीममध्ये रिंगा असतात, त्या वरच्या सळईला धरून ठेवतात. स्लॅबमध्ये रिंग नसते, तिथे चेअर लावल्या तरच ती उभी राहते. सळई वाकवून केलेले घोडे, मीटर-मीटरवर, बायंडिंग वायरने बांधलेले. आणि चालायला फळ्या टाकायच्या, सळईवर पाय नाही. माझ्या मते आज चेअर लागल्याशिवाय उद्याचा ट्रक बोलवू नये.

प्रशांत, ए-103: फिटरशी बोललो, तो तयार आहे, 6 वाजेपर्यंत करून देतो म्हणाला. फळ्या कंत्राटदार आणतोय.

प्रशांत, ए-103: (सायं 7:10) चेअर लागल्या. परत मोजलं: 105, 104, 105, 103. उद्या काँक्रीट पडताना मी टेप घेऊन वरच उभा राहतो, कुठे दबली तर तिथल्या तिथे हुकने उचलायला सांगतो.

देशपांडे काका, बी-204: मी पण 8 ला येतो. बाल्कनीच्या बाजूने सुरू करतील, तिथे आधी बघू. बाहेर आलेल्या भागाला सगळा ताण वरच असतो.